लस टोचा म्हणणारी बातमी आणि आमची डुकरं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कालच्या अंकात पान चारवर डुकरांच्या मरतुकीची बातमी वाचली. दोन गावांत डुकरं मरून राहिली हे तुम्ही छापलं, त्याबद्दल आभार, नाहीतर आमच्या जनावरांची दखल कोण घेतो. पण खालच्या चौकटीत जो सल्ला दिला, "पशुपालकांनी घाबरून न जाता तातडीनं लसीकरण करून घ्यावं", तो वाचून रात्रभर झोप नाही आली. साहेब, हा आफ्रिकन स्वाइन फीवर असेल तर त्यावर आपल्या देशात लस मिळतच नाही. जी मिळते ती दुसऱ्या रोगाची, क्लासिकल स्वाइन फीवरची. दोन्ही रोगांत सारखाच ताप येतो, सारखंच जनावर लाल पडते, पण विषाणू पूर्ण वेगळे, एकाची लस दुसऱ्यावर काडीचं काम करत नाही. आणि मरतूक चालू असताना गावात लस टोचत फिरणं म्हणजे काय असते ते मी माझ्या शेडात पाहिलं आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. नदीपलीकडच्या गावात डुकरं खाणं सोडून राहिली अशी कुणकुण होती. तिकडून लस टोचणारा माणूस आमच्याकडं आला, त्याच गमबुटात, तीच सिरिंज, आणि सुई तर सगळ्या जनावरांना एकच. मी विचारलं, "भाऊ, सुई बदलवत नाही काय?" तर म्हणे डुकराला काय होते. दारापासून टोचत टोचत आत गेला आणि शेवटच्या दोन खणांपाशी बाटली संपली, म्हणे बाकीची नंतर पाहू. साधारण आठवड्यानं दाराजवळच्या खणातली गाभण मादी उठेना. आवडीची चुरी समोर ठेवली तरी तोंड फिरवलं. थर्मामीटर लावला तर १०६ च्या वर ताप. पांढरी यॉर्कशायर असल्यानं अंगावर लगेच दिसते: आधी कानाची टोकं लाल झाली, मग थुतरी, पोट, मांड्यांची आतली बाजू, आणि दुसऱ्या दिवशी तेच लाल डाग जांभळे पडत गेले. मादी गाभडली, नाकातून रक्ताचा फेस आला आणि गेली. मग ज्या क्रमानं सुई फिरली होती जवळपास त्याच क्रमानं खण रिकामे होत गेले. आणि ज्या दोन खणांना लस मिळाली नव्हती ती डुकरं तेव्हा चांगली खातपीत होती! ती पुढं गेली, बहुतेक आमच्याच बादल्या आणि पायांमुळं, पण गेली सगळ्यात शेवटी. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत गेला, रिपोर्ट आफ्रिकन स्वाइन फीवरचाच आला. सुईनंच आणला हे मी कोर्टात सिद्ध करू शकत नाही, पण हा विषाणू सगळ्यात जास्त रक्तात असतो आणि रक्त लागलेली सुई एका जनावरातून दुसऱ्यात जात होती, मग अजून काय सिद्ध करायचं?

क्लासिकलची लस वाईट आहे असं मी म्हणून नाही राहिलो. गावात आजार नसताना, वेळेवर, प्रत्येक डुकराला वेगळी सुई वापरून ती जरूर टोचावी. तिचा अजून एक उपयोग आहे. वेळेवर लस झालेली डुकरं लाल पडून मरायला लागली तर संशय सरळ आफ्रिकनवर जातो. पण डोळ्यानं पक्कं ओळखता येत नाही, भल्याभल्या डॉक्टरला नाही, त्याला प्रयोगशाळेतली पीसीआर तपासणीच लागते. तोपर्यंत कोणी "तातडीनं टोचा" म्हणू नये.

अजून एक, ज्यात सगळे फसतात. बातमीत "वाऱ्यासारखा पसरतो" असं लिहिलं. उलट सुरुवातीला हा रोग फार हळू चालतो, विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला ४ ते १९ दिवस लागतात. पहिले एक मरते, मग दोन-चार दिवस काहीच नाही, शेजारचा खण ठणठणीत दिसते. मालकाला वाटते एखादं मेलं असेल, विष खाल्लं असेल. मग घाबरून उरलेली डुकरं अर्ध्या भावात व्यापाऱ्याच्या गाडीत चढतात आणि रोग पुढच्या बाजाराला पोचतो. कापली तरी सुटका नाही, कच्च्या मटणात आणि फ्रीजमधल्या मटणात तो महिनोन् महिने जिवंत राहते. माणसाला हा रोग होत नाही, हे तुम्ही लिहिलं ते बरोबर लिहिलं. पण त्याच मटणाचं धुवण, हाडं, उष्टं परत हॉटेलाच्या डब्यातून आमच्या डुकरांपुढं येते, तिथं घात होते.

चौकटीत जागा होतीच तर हे छापायचं होतं. एखादं डुक्कर तापानं पडलं की त्या दिवसापासून शेडाचं दार बंद. विकणं नाही, आणणं नाही, दुसऱ्याचा वळू मादीवर घालणं नाही. व्यापाऱ्यानं काटा बाहेर रस्त्यावर लावावा, आत पाय ठेवू नये. शेडातले गमबूट शेडातच राहिले पाहिजेत. दारात औषधाच्या पाण्याचं टोपलं ठेवतात आणि शेणानं भरलेले बूट त्यात नुसते बुडवतात, त्याचा काही उपयोग नाही, आधी ब्रशनं घाण काढा, साबणानं धुवा, मग औषध. आम्ही कॉस्टिक सोडा वापरला, लिटरला २० ग्रॅम, हातात रबरी मोजे घालून, नाहीतर कातडी जाते. हॉटेलचं उष्टं बंदच केलेलं बरं, नाहीच जमलं तर खळखळ उकळत तासभर ढवळत शिजवा, वरवर गरम करून भागत नाही. आणि मेलेलं डुक्कर कापून पाहू नका, नाल्यात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. रानडुकरालाही हाच रोग होते, आपल्या इकडं तर ती प्रत्येक वावरात आहेत, त्यांनी नाल्यातलं मढं फाडलं तर पुढं कोण आवरणार?

लोकं खबर लपवतात असाही ठपका ठेवला तुम्ही. काहून लपवतात ते विचारलं असतं तर बरं झालं असतं. रोग पक्का झाला की १ किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात, आणि भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या डुकरांची, आधीच मेलेल्यांची नाही. आमच्याकडं रिपोर्ट येईपर्यंत शेड जवळजवळ रिकामं झालं होतं, म्हणजे हाती काय आलं असेल ते समजून घ्या. नमुना नेला त्या दिवसापासून मेलेली जनावरं हिशेबात धरली तर लोकं पहिल्याच दिवशी स्वतःहून फोन करतील, हे मी ठामपणे सांगतो.

आणि राहवत नाही म्हणून लिहितो, तुमच्या पेपरात आमची बातमी एरवी "मोकाट डुकरांचा हैदोस" याच मथळ्याखाली येते. शेड बांधून, बँकेचं कर्ज काढून, खुराक विकत घेऊन डुकरं पाळणारे आम्ही पण या जिल्ह्यात आहोत. कालच्या बातमीसोबतही फोटो उकिरड्यावरच्या डुकरांचाच होता.

त्या दोन गावांत उद्यापासून लसीकरणाची मोहीम आहे असं बातमीतच लिहिलं आहे. कृपा करून उद्याच्याच अंकात, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत दुरुस्ती छापा की भोपाळचा रिपोर्ट येईपर्यंत तिथं कोणी सुई घेऊन शेडात शिरू नये.

आपला,
एक वराहपालक, वर्धा जिल्हा