गावसभेत पीकविमा वाचून दाखवणाऱ्या सदस्यांसाठी

रब्बी 2025-26चा हरभरा घेऊनच सांगा. अर्जाची मुदत 15 डिसेंबर. ज्वारीवाल्यांची मात्र 30 नोव्हेंबर. एक रुपयाचा विमा बंद झालाय, हे पहिल्याच वाक्यात सांगा. हप्ता दीड टक्का: समजा हेक्टरी संरक्षण 36,000 रुपये, तर भरायचे 540.

भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठरते. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली आलं तर भरपाई मिळते ते उत्पादन, 10 क्विंटल आणि प्रयोगात 7 आले, तर तूट 30 टक्के, म्हणजे 10,800 रुपये. एकट्याचंच रान गेलं आणि मंडळ पिकलं, तर काही नाही. हे दोनदा वाचा, भांडणं इथेच होतात.

भरपाईसाठी वेगळा अर्ज नाही. ई-पीक पाहणीत हरभराच नोंदवा, खातं आधारला जोडा.