पत्रकातला ‘मदत’ हा शब्द खोडणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

“नाव नका टाकू मॅडम, पोराला शाळेत चिडवतील,” असे तुम्ही बजावले होते, म्हणून या जाहीर पत्रातही तुम्हाला नुसते ताईच म्हणते. इंदूरमधल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गातर्फे, फारसे शिक्षण न झालेल्या आईवडिलांसाठी मुलांच्या गृहपाठाविषयी जे पत्रक निघाले, ते मी लिहिले असे सगळे समजतात. ते आज ज्या रूपात आहे ते तुमच्यामुळे, हे चारचौघांत सांगावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला मसुदा घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा, छत्तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे आपल्याला सोपे लिहिता येते, असा माझा समज होता. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, म्हणून मी तुम्हाला तो मोठ्याने वाचायला सांगितला आणि तुम्ही जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने टिंब द्यायचे ठरवले. अकरा सूचनांच्या त्या कागदावर एकोणीस टिंबे पडली. ‘अनुकूल वातावरण’पाशी थांबून तुम्ही “कूलर लावायचा का?” असे विचारलेत आणि आपण दोघीही हसलो, पण माझे हसणे थोडे ओशाळवाणे होते.

मला अधिक शिकवून गेला तो न अडखळता वाचलेला शब्द. ‘मूल अडल्यास मदत करा’ हे वाक्य तुम्ही सरळ वाचलेत. त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, “मदत म्हणजे सांगूनच टाकायचं ना? नाही येत तर मोठ्या मुलीला लिहून द्यायला सांगायचं.” ज्या गोष्टीपासून पत्रकाने परावृत्त करायचे, तीच ते शिकवत होते. तुम्ही ते वाचलेत तेव्हा तिथे टिंब पडले नव्हते, म्हणजे केवळ वाचून घेण्यावर मी भिस्त ठेवली असती तर ही चूक छापली गेली असती. त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य आधी वाचून घेते आणि मग त्याचा अर्थ सांगायला लावते.

चित्राचेही तसेच झाले. मुलाच्या वहीत वडील लिहीत आहेत आणि त्यावर मोठी फुली आहे, असे चित्र मी काढून घेतले होते. तुम्ही म्हणालात, “बाप गुणाकार शिकवतोय.” फुलीचा अर्थ ‘असे करू नका’ असा असतो, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो कळतो. म्हणून आता पत्रकात काय करू नये याचे एकही चित्र नाही. आई पोळ्या लाटते आहे आणि शेजारी बसलेले मूल बोट ठेवून तिला वाचून दाखवते आहे, एवढेच आहे. ‘रोज ठरलेल्या वेळी बसवा’ ही सूचनाही तुम्हीच मोडीत काढलीत, कारण नर्मदेचे पाणी येते त्या दिवशी घड्याळ कुणाच्या हातात राहत नाही. पोळ्या मात्र रोज होतात, म्हणून गृहपाठ पोळ्यांना बांधला.

‘मदत’ या शब्दाच्या जागी काय लिहावे हे मला सुचत नव्हते. त्याचे उत्तर तुमच्या धाकट्याच्या वजाबाकीत मिळाले, आणि तो प्रसंग मी पत्रकाच्या मागच्या बाजूस जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे. 52 मधून 27 वजा करून त्याने 35 लिहिले होते. तुम्हाला ते खटकले, पण तुम्ही “चुकलं” म्हणाला नाहीत. “कसं केलंस, मला सांग,” एवढेच विचारलेत. तो म्हणाला, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” वरच्या दोनातून सात निघत नाहीत, म्हणून त्याने मोठ्यातून लहान काढला होता. दुसरी-तिसरीत ही चूक मी शेकडो वह्यांत पाहिली आहे. ती हिशेबातल्या निष्काळजीपणाची नसते. दोन्ही अंक मिळून एकच संख्या होते, हे मुलाच्या मनात अजून बसलेले नसते.

मग तुम्ही डब्यातून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी काढून त्याच्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, “मला सत्तावीस दे.” त्याने दोन नोटा दिल्या, दोन्ही नाणी दिली आणि तो थांबला. इथे माझ्यासारखीने नक्की तोंड उघडले असते. तुम्ही लाटण्यावरचा हात न थांबवता “आता?” एवढेच म्हणालात. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “एक नोट मोडावी लागेल.” तुम्ही दहा नाणी मोजून दिलीत, त्याने त्यातली पाच तुम्हाला दिली, आणि त्याच्यापुढे दोन नोटा नि पाच नाणी उरली. शाळेत बाई ‘उधार’ म्हणतात ते हेच, असे तोच तुम्हाला सांगू लागला.

त्यानंतर तुम्ही जे केलेत ते बहुतेक शिकलेल्या पालकांना जमत नाही. त्याने खोडरबर उचलला तेव्हा तुम्ही 35 खोडू दिले नाही, 25 खाली लिहायला लावले. पुढच्या 61 वजा 38 ला त्याने पुन्हा 37 लिहिले, तेव्हा पोळ्या संपल्या होत्या आणि तो पेंगत होता, म्हणून तुम्ही त्या गणिताशेजारी फक्त पेन्सिलीने गोल केलात. दुसऱ्या दिवशी बाईंना दोन्ही जागी एकच चूक दिसली आणि त्यांनी वर्गात तेच गणित पुन्हा घेतले. घरून सगळी उत्तरे बरोबर आली असती तर मुलाला वजाबाकी येते असे धरून त्या पुढे गेल्या असत्या. म्हणून पत्रकात आता ‘मदत’ हा शब्दच नाही. तिथे तुमचे दोन प्रश्न आहेत, “कसं केलंस?” आणि “आता?”, आणि गोल करून चूक वहीत राहू द्यावी, असे एक वाक्य आहे.

एका बाबतीत हे प्रश्न पुरत नाहीत, तेही तुमच्या शेजारणीमुळे कळले. त्यांना अक्षरओळख नाही आणि त्यांची मुलगी पाठ झालेला धडा घडाघडा म्हणून दाखवते. तुम्ही त्यांना सुचवलेत की मधलीच एक ओळ बोट ठेवून दोनदा वाचायला सांगायची. दोन्ही वेळा शब्द वेगळे आले, किंवा बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे गेले, तर ती वाचत नाही, आठवून बोलते आहे. अशा वेळी घरी रेटू नये, शाळेत बाईंना सांगावे, हे वाक्य मी त्यावरूनच जोडले. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितला आहे, म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे. रोज तासभर रडारड होत असेल तर तेही बाईंना सांगण्यासारखेच आहे.

पत्रकाची हिंदी बाजू अजून कच्ची आहे. तुमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांना तीच लागणार आहे. येत्या रविवारी दुपारी तुमच्या शेजारणीला घेऊन या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तुम्ही वाचा आणि त्यांनी अर्थ सांगावा. पेन्सिल मी आणते.

आपली,
संध्याकाळच्या वर्गातली बाई
इंदूर