किल्लीची गोष्ट

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या दोन रविवारी फोनवर माझा आवाज उतरलेला वाटला म्हणून आई पुन्हा पुन्हा विचारत होती आणि मी कामाचा ताण असल्याचे सांगून वेळ मारून नेली. ते खरे नव्हते. बोलताना रडू आले असते, म्हणून लिहिते आहे.

आम्ही दोघे नवराबायको वेगळे राहत असल्याचे कार्यालयात मी एकाच व्यक्तीला सांगितले होते. सहा वर्षे माझ्या शेजारी बसणारी, मी आजारी असताना माझे काम न सांगता उरकणारी ती मैत्रीण तुम्हीही ओळखता. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या विभागातल्या एक बाई पाणी भरताना माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "घराची किल्ली तरी परत केली का त्यांनी?" पेला भरून पाणी बोटांवरून वाहू लागले तेव्हा मी भानावर आले. वेगळे राहण्याची कुणकुण पत्ता बदलल्याच्या अर्जावरूनही लागू शकते. किल्लीविषयी मात्र मी तिच्याखेरीज कोणाजवळ अवाक्षर काढले नव्हते.

त्याच दिवशी तिला जाब विचारावा असे फार वाटले, पण मी घरी येऊन एका वहीत लिहून काढले: कोण, केव्हा, नेमक्या कोणत्या शब्दांत काय बोलले. समोरच्या पानावर माझे नुसते संशय लिहिले. दोन दिवसांनी पाहिले तर संशयांचे पान भरून गेले होते आणि ऐकलेल्या गोष्टी दोनच होत्या. तेवढ्या दोनच घेऊन मी तिच्याशी बोलले. सर्व जण गेल्यावर बैठकीच्या खोलीत तिला म्हणाले, "किल्लीची गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती आणि ती मला दुसऱ्याकडून ऐकावी लागली." कोणाकडून, हे तिने विचारूनही मी सांगितले नाही, कारण मग सारे बोलणे त्या बाईंवरच गेले असते. ती रडली. काळजीपोटी एकीलाच सांगितले, असे म्हणाली आणि ते मला खरेही वाटते; अशा गोष्टी बहुधा काळजीच्याच रूपाने पसरतात. आता सर्वांना भेटून मी सारवासारव करते, असे ती म्हणाली तेव्हा मी तिला स्पष्ट नको म्हटले, कारण गोष्ट पुसण्यासाठीही ती पुन्हा सांगावीच लागते.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. वर्षअखेरच्या अहवालाचे माझे काम साहेबांनी दुसऱ्याकडे दिले आणि म्हणाले, "सध्या तुमच्यावर घरचे ओझे आहे ना." बाबा, त्यांचा हेतू चांगला होता, तरी कुजबुज आता माझ्या कामापर्यंत पोहोचली होती आणि इथे गप्प राहणे मला परवडणारे नव्हते. मी त्यांना सांगितले की काम कमी करण्याची विनंती मी केलेली नाही, गरज पडली तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि माझ्या कामात काही उणे दिसत असेल तर ते मला दाखवावे. त्याच दुपारी एवढेच चार ओळींच्या ईमेलमध्ये लिहून पाठवले, म्हणजे नोंद राहिली. त्यात घरचा विषय नव्हता आणि मैत्रिणीचे नावही नव्हते. त्यांनी ऐकले नसते तर ती वही घेऊन मी मनुष्यबळ विभागाकडे जाणार होते. अर्धे काम परत मिळाले, उरलेले या वर्षी तरी गेले. मैत्रिणीविरुद्ध मात्र मी तक्रार केली नाही, कारण चौकशी झाली असती तर जे चार जणांना ठाऊक होते ते दहा जणांना विचारले गेले असते.

इतरांसाठी मी एकच वाक्य ठरवले आहे: "विचारलेत, बरे वाटले, पण हा विषय मी इथे बोलत नाही," आणि लगेच कामाचे काहीतरी विचारते. पहिल्यांदा ते घशात अडकले. आता विचारणारे जवळजवळ उरलेले नाहीत.

आई, सर्वांत अवघड गेले ते वेगळेच. मैत्रिणीच्याही घरातल्या काही गोष्टी मला ठाऊक आहेत, आणि त्या बाई तिच्याविषयी बोलू लागल्या तेव्हा त्यांतली एक अगदी ओठांवर आली होती. ती मी गिळली. आता आम्ही कामापुरते बोलतो, सकाळी एकमेकींकडे पाहून मान हलवतो, आणि दुपारच्या सुट्टीत मी दुसरीकडे बसते. तिची आठवण येते, हे तुमच्यापासून लपवत नाही.

एक विनंती आहे. तिच्याजवळ तुमचा क्रमांक आहे आणि ती कदाचित क्षमा मागायला फोन करील. तिच्याशी नेहमीसारखेच बोला, तिला रागावू नका. फक्त माझ्याविषयी काही विचारले, तर ते मलाच विचारायला सांगा.

तुमची,
लेक