रंगाची टेस्ट नेमकं काय मोजते?

संपादक साहेब,

माझ्या भाचीने ऑनलाइन त्वचेच्या रंगाची आयएटी, म्हणजे मनातला नकळत कल तपासणारी टेस्ट दिली, 'गोऱ्यांकडे तीव्र कल' असं आलं आणि पोरगी रडायलाच लागली, मी अशी आहे का मावशी म्हणून, स्वतः सावळी असून. त्यात दोन बटणांनी चेहरे आणि चांगले-वाईट शब्द पटापट वेगळे करायचे, एकदा गोरा चेहरा आणि चांगला शब्द एकाच बटणावर, एकदा सावळा आणि चांगला. कुठल्या जोडीला बोट किती मिलिसेकंद जास्त अडखळलं त्या फरकावरून स्कोअर निघतो, बस एवढंच. आजूबाजूला जे ऐकत वाढलो त्याने डोक्यात कुठली जोडी पटकन जुळते ते कळतं, आपण कुणाशी कसं वागणार ते नाही. आठवड्याने तिने परत दिली तर 'किंचित' आलं, कारण एकाच माणसाच्या दोन वेळच्या स्कोअरचा मेळ, पूर्ण मेळाला 1 धरलं तर, साधारण 0.5 च असतो, जोड्या कुठल्या क्रमाने आल्या त्यानेही फरक पडतो. हजारोंची सरासरी काढली तर समाजाचा कल दिसतो हे खरंय, पण एकटीवर शिक्का कसा मारणार? उलट मागे एका स्थळाचा फोन आला, पहिलाच प्रश्न 'मुलगी उजळ आहे ना?', तो भेदभाव शोधायला कुठली टेस्ट लागली नाही.

– एक मावशी, इंदिरानगर, नाशिक