तासाला किती पडतात?

नाशिक, 4 मार्च

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू विचारलं होतंस, "आई, ब्लाउज शिवून तुला तासाला किती पडतात?" मी ठोकून दिलं होतं, पावणेदोनशे. ते खरं आहे का, हे बघायला अख्खा फेब्रुवारी मी मशीनपाशी वही ठेवली.

पहिले तीन दिवस रात्री आठवून लिहिलं आणि ते सगळं चुकलं. दुपारी चार तास बसले असं वाटायचं, पण मध्ये कुकर, दूधवाला, तुझ्या आत्याचा फोन. मग उठताना-बसताना घड्याळ बघूनच टिपायला लागले. शिलाईला 'शि', गिऱ्हाइकाला 'गि', बाजाराला 'बा', उसवून दुरुस्तीला 'उ'.

महिन्याचे 20,600 रुपये आले. अस्तर, फॉल, धागा, हुक, पेट्रोल, लाइट जाऊन उरले 15,800. मशीनची झीज मी धरलेली नाही. 'शि'चे तास भरले 92, म्हणजे माझे पावणेदोनशे इथूनच आले होते. पण सगळे तास मिळून 161 झाले! भागाकार केला तर तासाला 98.

उरलेले 69 तास कुठे गेले, ते बघताना खरी गंमत कळली. आपले 900 रुपयांचे डिझायनर ब्लाउज, ज्यांचे फोटो मी सगळ्यांना दाखवते, ते आठ होते. शिवायला 27 तास लागले, पण त्यांच्यापायी बाकीचे 35 गेले. लटकन आणि लेस मॅच करायला सिडकोहून मेन रोड, शालिमारला गाडी लावायला जागा शोधणं, गळ्याचे फोटो बघत बसलेली गिऱ्हाइकं, आणि मग "बाही जरा सैल करा ना". खर्च वजा जाता तासाला 90 पडले. साधा अस्तराचा ब्लाउज 102 देतो, आणि ज्याला मी पडेल काम म्हणायचे तो फॉल-पिको 105. साडी देतात आणि जातात, बोलणंच नाही!

म्हणून या महिन्यापासून डिझायनरचे 1,100 केलेत. तेवढ्याच तासांत आठ शिवले, तर तासाला 116 पडतील. माप अंगावरून न घेता नीट बसणाऱ्या ब्लाउजवरूनच घेते आणि बाजारात फक्त मंगळवारी जाते. दुरुस्ती एकदाच फुकट. एक बाई रुसल्या आहेत, बघू.

फेब्रुवारी लग्नसराईचा होता, पितृपक्षात हा आकडा काही टिकायचा नाही. तेव्हा वही पुन्हा उघडेन.

तुझ्या शर्टाची बटणं लावून ठेवली आहेत. तो वेळ कुठे लिहायचा, ते ठरेना.

तुझी,
आई