कापसाच्या सीझनमधे इंटर्नशिप आणि त्यातच पुढं ढकललेले पेपर

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला बी.कॉम. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग आहे, 4 क्रेडिटचं, म्हणजे एका क्रेडिटचे 30 तास धरून 120 तास. पुण्या-मुंबईची पोरं कंपन्यांमधे जातात, आमच्या तालुक्यात कंपनी म्हणजे जिनिंग. तेव्हा जानेवारी लागल्याबरोबर मी जवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमधे जॉइन झालो, आणि 120 पैकी पाऊण हिस्सा तास भरले असतील-नसतील तर ती ट्रेनिंग अर्धवट सोडावी लागली, कारण पाचव्या सेमिस्टरचे हिवाळी पेपर निवडणुकीच्या मतदानामुळं पुढं ढकलले होते ते नेमके तेव्हाच लागले. पेपर ढकलले याबद्दल तक्रार नाही, आमचं कॉलेजच मतदान केंद्र असतं. तक्रार पुढची आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर लोकं म्हणतात पेपर आहे तर सुट्टी टाकायची, त्यात काय. माझ्याकडं उताऱ्याचं, म्हणजे कापसातून रुई किती टक्के निघाली त्याचं, रजिस्टर होतं. काट्यावर गाडी आली की वजन, मॉइश्चर लिहायचं, तो कापूस कोणत्या गंजीत पडला ते लिहायचं, मग ती गंजी मशीनवर गेली की रुई किती निघाली, सरकी किती, घट किती. सरकारी खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्के चालतो, 12 च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. व्यापारी मात्र ओला पण घेतो, भाव पाडून घेतो, आणि मग तेच पाणी गंजीत उडून जातं अन् रजिस्टरमधे घट बनून दिसतं. मुनीमजी सांगायचे, "घट वाढली की आधी मॉइश्चरचा कॉलम पाय, मंग चोरीचा विचार कर."

आता समजा 500 क्विंटलची गंजी आहे. आपल्या भागातल्या कापसाचा उतारा 34 टक्के धरला तर 170 क्विंटल रुई. गठाण 170 किलोची, म्हणजे बरोबर 100 गठाणी. सरकी 320 च्या आसपास अन् राहिलेले दहाएक क्विंटल घट. आमची जिनिंग लहान, त्यामुळं एवढी गंजी दोन-तीन दिवस चालायची. आणि सगळी गडबड इथंच होते, कारण एक गंजी संपून दुसरी लागते तेव्हा पहिलीची रुई अजून प्रेसकडं पडलेलीच असते. तिथं उभा असलेल्या माणसाला माहीत नसलं तर पहिलीच्या 8 गठाणी दुसरीच्या नावावर जातात. मग कागदावर एकीच्या 92 आणि दुसरीच्या 108 दिसतात, म्हणजे एकीचा उतारा 31 वर येतो अन् दुसरीचा 36 च्या वर जातो. आपल्याकडं एवढा उतारा कुठं पडते राजेहो! असा आकडा दिसला की समजायचं गठाणी इकडच्या तिकडं झाल्या. पण मालक आधी 31 वालं पाहतो, आणि त्या दिवशीच्या काटेवाल्याला पकडतो.

म्हणून "गॅपच्या दिवशी येत जा" हे जे मालक चांगल्या मनानं म्हणाले ते मला जमणारं नव्हतं. पेपर एकाआड एक, सेंटर तालुक्याला, दुपारचा पेपर असला तरी एसटीच्या भरवशावर सकाळीच निघावं लागते आणि परत यायला रात्र. मधल्या दिवशी कामावर गेलो तरी कालची गंजी कुठंपर्यंत आली हे मला कोण सांगणार? एक दिवस मी, एक दिवस दुसरा कोणी, अशानं ते रजिस्टर खराबच झालं असतं. अर्धं काम करण्यापेक्षा एकदाच नीट सोडलेलं बरं असं मी ठरवलं.

सोडायची तारीख मी पेपरच्या आदल्या दिवसाची नाही धरली, गंजी संपायच्या हिशोबानं धरली. चालू गंजी पूर्ण झाली, प्रेसकडची तिची रुई पण निघाली, त्या दिवशी रजिस्टरमधे तिचा हिशोब मिटवून खाली लाल रेघ मारली. त्याच्या पुढची गंजी मुनीमजींच्या भाच्याला सोबत घेऊन सुरू केली, लिहायचं त्यानं, मी नुसतं पाहायचं. वजनकाट्याच्या पावत्या तारखेनं लावून दिल्या. मालकाला जे पत्र दिलं ते एवढंच होतं: "विद्यापीठाचं सुधारित वेळापत्रक सोबत जोडलं आहे. पेपरमुळे अमुक तारखेपासून येऊ शकणार नाही. आजपर्यंतच्या हजेरीप्रमाणे तारखा व तास लिहून प्रमाणपत्र मिळावं, आणि पेपर झाल्यावर राहिलेले तास पूर्ण करण्याची परवानगी मिळावी." शेवटचं वाक्य मुद्दाम टाकलं, कारण ते कागदावर नसलं तर नंतर कोणी ऐकत नाही.

मालकानं पत्र वाचलं अन् म्हणाले, "काऊन एवढं लिहत बसला बापू, पूर्ण 120 चं लिहून देतो न, घेऊन जाय." आता हे ऐकायला बरं वाटतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या वर्गात अशी प्रमाणपत्रं घेतलेली पोरं आहेतच. पण माझी सही गेटच्या रजिस्टरला रोज आहे, लॉगबुकमधे रोजचं काम लिहिलेलं आहे, आणि ज्या तारखांना मी हॉलमधे पेपर देत होतो त्याच तारखांना जिनिंगमधे हजर कसा दाखवणार? व्हायवाला कोणी दोन कागद शेजारी ठेवले की संपलं. मी खऱ्या तासांचंच घेतलं.

आणि त्यावर कॉलेजमधून उत्तर काय आलं, तर सलग 120 तास नसतील तर गैरहजर धरू. म्हणजे ज्यानं पेपर दिले अन् खरे तास दाखवले त्याचे 4 क्रेडिट गेले, आणि ज्यानं घरी बसून शिक्का आणला तो पास! सलगच पाहिजे असा नियम कुठं लिहिला आहे ते विचारलं तर वरून तोंडी सूचना आहे म्हणतात. पेपर पुढं ढकलणारे तेच, ट्रेनिंगची तारीख देणारे तेच, मग टक्कर झाली तर ती फक्त आमच्या अंगावर का?

माझी मागणी छोटी आहे. ज्या विद्यार्थ्यांचे पेपर ट्रेनिंगच्या काळात आले त्यांना राहिलेले तास त्याच जागी, त्याच लॉगबुकवर, निकालाच्या आधी पूर्ण करू द्यावे आणि तसं लेखी परिपत्रक कॉलेजांना पाठवावं. कापूस मार्चपर्यंत येतच राहतो, जिनिंग बंद होत नाही, मालक परत घ्यायला तयार आहेत. आमच्या वर्गात माझ्यासारखे अजून आहेत, कोणी दाल मिलमधे होतं, कोणी पतसंस्थेत. फेब्रुवारीत हे परिपत्रक निघालं तर सगळ्यांचे तास भरून होतात, एप्रिलमधे निघालं तर आमची जिनिंग तरी बंद झालेली असेल.

आपल्या पेपरात जागा मिळाली तर विद्यापीठात कोणीतरी वाचेल म्हणून लिहिलं. नाव छापू नये ही विनंती, प्रॅक्टिकलचे मार्क अजून कॉलेजच्या हातात आहेत.

आपला वाचक,
बी.कॉम. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी, जि. यवतमाळ