मुनीमजी, मोजून घे

हॉस्टेल, नाशिक
रात्रीचे अडीच

प्रिय मुनीमजी,

तू झोपलायस. बॅगा भरल्या, गादीची वळकटी दोरीने आवळली, तिच्यावर मार्करने नाव-गाव घातलं, "लाईट बंद कर रे भो" असं मला फर्मावलं आणि पुढच्या मिनिटाला घोरायला लागलास. लाईट मी बंद केलेला नाही. हे पत्र तुझ्या हिशेबाच्या वहीत ठेवतोय, कारण ठक्कर बाजारातून गाडी सुटली की सुट्टे पैसे लिहायला तू ती वही उघडणारच.

महिनाभर मागे लागला होतास, "जाता जाता माझ्यावर एक कविता कर." वर अटी तीन. यमक पाहिजे, पहिल्या वाचनात कळली पाहिजे आणि घरी आईला वाचून दाखवता आली पाहिजे. तिसऱ्या अटीत आपला निम्मा इतिहास बाद झाला, हे तुलाही ठाऊक आहे.

सेंडऑफला त्या ज्युनियरने कविता म्हटली, आठवतं? मैत्रीचा सागर, आठवणींची शिदोरी, विरहाचे अश्रू. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू माझ्या कानाशी पुटपुटलास, "ही कुणालाही चालेल की रे." मुनीमजी, अख्ख्या हॉस्टेलात कवितेवर इतकं शहाणं कुणी बोललं नसेल. मी तेव्हाच ठरवलं, कवितेत असं काहीही घालायचं नाही जे बाजूच्या रूममधल्या पोरालाही लागू पडेल. सागर नको, बादली. अश्रू नकोत, गजर.

आता साचा कुठला घ्यायचा? शाळेत पाठ केलेलं भुजंगप्रयात आधी डोक्यात आलं, म्हणायला कसं दणकेबाज! पण त्यात लघु-गुरूचा क्रम पक्का असतो, एक लघु, मग दोन गुरू, पुन्हा एक लघु, मग दोन गुरू. दोन लघु शेजारी बसूच शकत नाहीत. आणि 'गजर' या शब्दात तिन्ही अक्षरं लघु. म्हणजे तुझा गजर त्या वृत्तात शिरणारच नाही. गजराशिवाय तुझ्यावर कविता लिहायची म्हणजे तर्रीशिवाय मिसळ. मग अभंगाचा मोठा छंद धरला. तो तुझ्यासारख्या माणसासाठीच आहे, कारण तिथे फक्त मोजायचं. पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणून 'शर्ट' दोन अक्षरी. खरी गंमत चौथ्या तुकड्यात असते. तीन पायऱ्या सारख्या उतरल्यावर चौथी आखूड लागते आणि पाय जरा दणकन पडतो. चिमटा काढायचा तर तिथे, आणि गळा दाटायचा तोही तिथेच.

हं, घे.

गजर तुझा रे । उठवतो मला ।
जाग नाही तुला । कुंभकर्णा ॥

नवा माझा शर्ट । रहाडीत गेला ।
पिवळाच झाला । जन्मासाठी ॥

तुझ्या वहीमध्ये । चहाही उधार ।
औषधाचे चार । आणे कुठे? ॥

बादली एकच । दोघांत भांडण ।
तेवढे आंदण । देऊन जा ॥

उद्या तुझी गाडी । सुटेल पहाटे ।
उठवू का? वाटे । नको आता ॥

शर्टाचं कडवं आधी वेगळं होतं. "माझा नवा शर्ट, घातलास तूच" असं सुरू होत होतं आणि वाचताना ते रेक्टरकडे दिलेल्या तक्रारअर्जासारखं वाटायचं. मग तुला त्यातून काढूनच टाकलं. आता शर्ट आपल्या पायांनी तिवंध्याच्या रहाडीत गेलाय, त्यानेच धप्पा मारलाय, तुझा काही संबंध नाही. आईला वाचून दाखव खुशाल. एरवी वर्षभर मातीखाली बुजलेला तो हौद रंगपंचमीला उघडला की सगळं जुनं नाशिक तिथे लोटतं हे मान्य, पण त्या गर्दीत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शिरणारा तू एकटाच असशील. इंटरव्ह्यूसाठी शिवलेला होता रे तो! तिथला पिवळा रंग उकळून केलेला असतो, साबणाला भीक घालत नाही. तू मात्र तीन धुण्यांनंतर निकाल दिलास, "क्रीम कलर म्हणून खपेल."

औषधाच्या कडव्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मला टायफॉइड झाला तेव्हा तू सबमिशन सोडून दवाखान्यात बसलास, सलाईनची बाटली संपत आली की नर्सला हाका मारत फिरलास, मेसच्या मावशींकडून मुगाची पातळ खिचडी करून आणलीस, आणि मी नको म्हटलं की "पैसे लागलेत, गीळ" म्हणून दम भरलास. बरा झाल्यावर मी गुपचूप तुझी वही चाळली. माझ्या नावावर कटिंग चहा होता, झेरॉक्स होती, कॉलेज रोडवर मी खाल्लेली जादाची एक प्लेट पाणीपुरीसुद्धा होती. त्या आठवड्याचं पान मात्र कोरं. रिक्षा नाही, गोळ्या नाहीत, खिचडी नाही. माणूस इतका काटेकोर, आणि नेमकं तिथेच लिहायला विसरला? हे तुला तोंडावर विचारलं असतं तर तू शिवी हासडून विषय बदलला असतास. म्हणून कवितेत घातलं.

त्या कडव्यात आधी "तुझे उपकार" असं लिहून पाहिलं होतं. अक्षरं बरोबर सहा, उधारशी यमकही चोख. तरी खोडलं. उपकार म्हटलं की मी हात जोडून उभा आणि तू सत्काराच्या खुर्चीत, असं काहीतरी दिसायला लागतं. 'चार आणे' म्हटलं की तू आपला गादीवर मांडी घालून वही उघडून बसलेला दिसतोस. शिवाय 'चार' वर तुकडा संपतो, 'आणे' पुढच्या तुकड्यात पडतं, म्हणजे वाचणाऱ्याला क्षणभर वाट बघावी लागते.

बादलीच्या कडव्याबद्दल फार बोलत नाही. बादली माझी आहे. पुरावा म्हणून तळाला माझं नाव आहे, तू वरून घातलेल्या तुझ्या नावाखाली.

शेवटच्या कडव्यातलं 'वाटे' जरा पोथीतलं झालंय. आपण कोणी असं बोलत नाही. पण पहाटेला दुसरं यमक 'काटे' सुचत होतं, आणि तुझ्या निरोपात काटे घालायला मी काही सेंडऑफचा कवी नाही. बाकी, त्या कडव्यात लिहिलंय तसं मी करणार नाही, घाबरू नकोस. गजर चारचा लावलायस. नेहमीप्रमाणे तो मलाच उठवेल आणि मी तुला लाथ घालून उठवेन. रिक्षावाल्या काकांना सांगून ठेवलंय. तुझी वळकटी मी उचलतो, ट्रंक तू उचल, तिच्यात काय दगड भरलेत देव जाणे.

शर्ट तुझ्या बॅगेत वरच ठेवलाय. क्रीम कलर म्हणून खपव.

कवितेची अक्षरं मोज. एका कडव्यात बावीस, पाच कडव्यांची एकशे दहा झाली पाहिजेत. कमी-जास्त भरली तर घरी पोचल्यावर फोन कर. बरोबर भरली तरी कर.

तुझा देणेकरी,
खिडकीकडच्या कॉटवाला